दोन टक्क्यांना दिवस किती?

हैदराबादेत खासगी व्याजाचा दर वर्षाने सांगत नाहीत. ‘रेंडु रूपायल वड्डी’ म्हणजे दोन रुपयांचं व्याज, असं म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं : शंभराला महिन्याला दोन, वर्षाला चोवीस. हा दर ऐकून माणूस सावध होतो, दुसरीकडे कुठे स्वस्त मिळेल का ते पाहतो. पण त्याच शहरात, तोच माणूस आपल्या बिलाखाली ‘१० दिवसांत पैसे दिल्यास २ टक्के सीडी’ असं छापतो, तेव्हा त्याला ते व्याज वाटत नाही. सीडी म्हणजे कॅश डिस्काउंट, आपला रोख वटाव. वटाव हा शब्द हुंडीच्या व्यवहारातला. मुदती हुंडी मुदतीआधी वटवायची तर मुदतीला किती दिवस उरलेत हे पाहूनच वटाव ठरे. बिलावरच्या सीडीत टक्का तेवढा उरला आणि दिवस गळून पडले. छोट्या कारखानदाराचं नुकसान तिथेच होतं, असं माझं मत आहे.

माझा एक मित्र मूळचा उदगीरचा. बालानगरच्या औद्योगिक वसाहतीत त्याचं लेथ आणि मिलिंगचं वर्कशॉप आहे. औषध कंपन्यांच्या यंत्रांना लागणारे स्टेनलेस स्टीलचे भाग तो करून देतो. गेल्या वर्षी उधारी तुंबली आणि पगाराच्या तारखा सांभाळणं जड जाऊ लागलं, तेव्हा त्याने सगळ्या पार्ट्यांना ही दोन टक्क्यांची सवलत देऊ केली. मुदत आधीपासून ४५ दिवसांची होतीच. “दोनच टक्के तर आहेत, पैसा तर फिरेल,” असं तो म्हणाला. त्याच्या टॅलीतली खाती आणि बँकेचं स्टेटमेंट शेजारी ठेवून आम्ही दोघं एका रविवारी बसलो.

आधी कागदावरचा हिशेब. कर धरून एक लाखाचं बिल. पार्टीने दहाव्या दिवशी पैसे दिले तर हातात ९८ हजार येतात, नाहीतर पंचेचाळिसाव्या दिवशी एक लाख. म्हणजे मित्राने ९८ हजार रुपये ३५ दिवसांसाठी वापरले आणि त्यासाठी २ हजार मोजले. २ हजारांना ९८ हजारांनी भागलं की २.०४ टक्के येतात. हा ३५ दिवसांचा दर. वर्षात असे ३५ दिवस साधारण १०.४ वेळा बसतात, म्हणून वार्षिक दर झाला २१.३ टक्के. चक्रवाढीने धरला तर साडेतेवीसच्या जवळ. त्याच्या सीसी खात्यावर बँक ११ टक्के लावते. तेच ९८ हजार बँकेकडून ३५ दिवस घेतले असते तर व्याज सुमारे १,०३४ रुपये झालं असतं. उलट्या बाजूने मोजलं तर ३५ दिवसांसाठी १.०४ टक्क्यापर्यंतची सवलत बँकेच्या बरोबरीची. त्यापुढची प्रत्येक पैची सवलत बँकेपेक्षा महाग.

एक बारकावा इथेच सांगतो. सवलत करासकट रकमेवर नसून मूळ किमतीवरच दिली, तर दर उतरतो. एक लाखाचा माल आणि १८ हजार जीएसटी असेल, तर २ हजार सोडून १ लाख १६ हजार लवकर हातात येतात आणि वार्षिक दर १८ टक्क्यांवर येतो. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्याला पार्टीकडून पैसे आले नसले तरी पुढच्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत कर भरावा लागतो. म्हणून कराचे पैसे लवकर येण्यालाही मोल आहे. दर काढताना बिलावरची किंमत न धरता खात्यात खरोखर जमा होणारी रक्कम धरावी.

पण हे सगळं गणित ‘पार्टी एरवी पंचेचाळिसाव्या दिवशी पैसे देते’ असं मानून केलेलं. खातं उघडलं की चित्र बदलतं. एक जुनी पार्टी गेली कित्येक वर्षं पंधराव्या दिवसाच्या आसपास पैसे देते. सीडी जाहीर होताच तिने दहाव्या दिवशी दिले आणि २ टक्के कापून घेतले. मित्राला मिळाले फक्त पाच दिवस. पाच दिवसांना २.०४ टक्के म्हणजे वर्षाला १४९ टक्के! दुसरी पार्टी पंचेचाळिसाव्या दिवशी देणारी. तिने अठ्ठाविसाव्या दिवशी पैसे पाठवले आणि तरीही सवलत कापली, कारण तिच्या मते दहा दिवस बिलाच्या तारखेपासून मोजायचे नसून माल तपासून स्टोअरमध्ये घेतल्याच्या तारखेपासून मोजायचे. तिथे १७ दिवस वाचले आणि दर पडला ४४ टक्के. आणि जिच्यामुळे हा सगळा खटाटोप केला ती तिसरी पार्टी, नव्वदाव्या दिवशी पैसे देणारी, तिने सवलतीकडे पाहिलंही नव्हतं.

सरसकट सवलत सगळ्यात आधी कोण घेतो, तर जो तसाही लवकर देणार होता तो. त्यामुळे दर काढताना छापलेली मुदत धरून चालत नाही. त्या पार्टीचे मागच्या दहा-बारा बिलांचे पैसे बँकेत कोणत्या दिवशी जमा झाले, ते पाहावं लागतं. नव्वद दिवस लावणारी पार्टी दहाव्या दिवशी देऊ लागली, तर ८० दिवस वाचतात आणि तेच दोन टक्के वर्षाला ९.३ टक्क्यांना पडतात, म्हणजे बँकेपेक्षा स्वस्त. तिला २.३५ टक्क्यांपर्यंत सवलत दिली तरी मित्राचं नुकसान नाही. शिवाय पैसे बुडण्याची धास्ती जाते, ती वेगळी.

तरीही या तिसऱ्या पार्टीला सवलत देताना माझ्या मनाला लागतं. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यायला हवेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज द्यायला हवं. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून अशी वेळेत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीच्या खर्चात दाखवून करही वाचवता येत नाही. म्हणजे नव्वदातले शेवटचे ४५ दिवस मुळात मित्राच्या हक्काचे. त्याने हे व्याज आजवर एकदाही मागितलेलं नाही, कारण पुढची ऑर्डर तिथूनच येते. हक्काचं विकत घेण्यासाठी आपल्याच खिशातून दोन टक्के द्यायचे, हे हिशेबात बसलं तरी न्यायाचं नाही. मी ते त्याला म्हटलं. तो म्हणाला, “न्यायाने मुलांचे पगार होत नाहीत रे.”

पगाराचा मुद्दा खराच आहे. बँकेचे ११ टक्के स्वस्त, पण ते मिळाले तर. सीसीची लिमिट कागदावर असते. उचल मिळते ती ड्रॉइंग पॉवरइतकी. त्यात नव्वद दिवसांपुढची उधारी बँका सहसा धरत नाहीत. म्हणजे वसुली जितकी लांबते, तितकी ऐन गरजेच्या वेळी उचल आकसते. तशा महिन्यात तुलना ११ टक्क्यांशी करून उपयोग नसतो. तेव्हा समोर दोन रुपयांची वड्डी असते, वर्षाला चोवीस. तिच्यापुढे पंचेचाळीस दिवसांवाल्या पार्टीला दिलेली २१ टक्क्यांची सवलतही परवडते. पण त्या महिन्यापुरतीच, आणि त्या पार्टीपुरतीच. बिलावर छापली की ती बाराही महिने सगळ्यांना लागू होते.

मित्राने बिलावरची ओळ काढून टाकली. पंधरा दिवसांवाल्या पार्टीला स्वतः जाऊन भेटला आणि सवलत बंद केल्याचं सांगितलं. त्यांनी कुरकुर केली, पण पैसे पंधराव्या दिवशीच येतात. नव्वद दिवसांवाल्या पार्टीला मात्र त्याने वेगळं पत्र दिलं : दिवस बिलाच्या तारखेपासून, पैसे आमच्या खात्यात जमा होतील तो दिवस धरून, दहाव्या दिवसापर्यंत दोन टक्के. पहिली दोन बिलं नवव्या आणि दहाव्या दिवशी आली. तिसरं एकतिसाव्या दिवशी आलं, दोन टक्के कापून. रागाने त्याचा फोन आला. आम्ही मोजलं : एरवीच्या नव्वदाच्या मानाने ५९ दिवस आधी, म्हणजे वर्षाला १२.६ टक्के, बँकेपेक्षा जेमतेम दीड टक्का महाग. सोडून दिलं असतं तरी चाललं असतं. पण एकदा सोडलं की पुढचं बिल चाळिसाव्या दिवशी येणार, म्हणून मी डेबिट नोट काढ म्हणालो. त्याने त्याच दुपारी काढून पाठवली. ते कापलेले पैसे त्यांच्या खात्यावर अजून येणे दिसतात.