भागीदारीला नकार

कुर्ला कारशेडमधल्या एका फिटरला बालमित्राने विचारलं, "हॉटेल टाकतोय, अर्धी भागी घेतोस?" रात्रपाळी संपल्यावर त्याने उत्तर लिहिलं: "तुझ्या हातच्या चवीवर माझा विश्वास आहे. पण मी भागीदार होणार नाही. रेल्वेच्या नोकरीत परवानगीशिवाय धंदा करता येत नाही आणि बायकोच्या नावाआड लपून मला तो करायचा नाही. माझ्यासाठी थांबू नकोस, दुसरा भागीदार बघ."

हे शेवटचं वाक्य मला फार मोलाचं वाटतं. 'बघू, पुढच्या महिन्यात सांगतो' असं लिहिलं असतं, तर मित्राने त्याच्या भरवशावर गाळ्याची अनामत भरली असती.

आणि अर्धी भागी म्हणजे अर्धीच जोखीम, असं नसतं. 1932 च्या भागीदारी कायद्याप्रमाणे पेढीच्या सगळ्या देण्याला प्रत्येक भागीदार जबाबदार असतो. हॉटेल बुडालं, तर किराणावाला पूर्ण थकबाकी एकाकडूनही मागू शकतो. साहजिकच नियमित पगार असलेल्याचं दार आधी ठोठावलं जातं.

नुसते उसने पैसे देणारा मात्र भागीदार ठरत नाही. हॉटेल बुडालं तर दिलेली रक्कम बुडते, घर शाबूत राहतं. फिटरने मित्राला थोडी रक्कम बिनव्याजी दिली, लिहून घेऊन.