नोव्हेंबरचा पैसा कुणाचा?

आदिलाबादेत कापसाचे पैसे हाती आले की पुतण्याच्या ब्रॉडबँडच्या दुकानात वार्षिक प्लॅनची गर्दी होते. काका जिनिंगमधले निवृत्त मुनीम.

पुतण्या : काका, जीएसटी सोडून या महिन्यात 4,27,000 जमले. दोन लाइनमन ठेवू म्हणतो.

काका : गल्ल्यात आले म्हणजे तुझे झाले का? कुणाकडून किती आले, सांग.

पुतण्या : महिनेवाले 200, पाचशेप्रमाणे एक लाख. तिमाहीचे 20 जण, 1,350 प्रमाणे 27,000. वर्षाचे 60, पाच हजारांप्रमाणे तीन लाख. दहा महिन्यांच्या पैशात बारा महिने, अशी ऑफर होती.

काका : तिमाहीवाले वीसच आहेत?

पुतण्या : आहेत साठ. दर महिन्याला विसांची पाळी येते.

काका : मग साठही धर, या महिन्यात पैसे देवोत न देवोत. 1,350 भागिले तीन, माणशी 450, साठांचे 27,000. वार्षिकाला कितीनं भागशील?

पुतण्या : दहानं. दहाच महिन्यांचे पैसे घेतलेत.

काका : सेवा बारा महिने द्यायचीय. बारानं भाग.

पुतण्या : माणशी साधारण 417, साठांचे 25,000. म्हणजे दरमहाचं आवर्ती उत्पन्न, एमआरआर, 1,52,000 च?

काका : तेवढाच. जोडणीचे एकदाच घेतलेले पैसे त्यात धरू नकोस. एप्रिलात 1,27,000 च जमतील, तरी गिऱ्हाईक तेवढंच असेल तर आकडा हाच राहील. वार्षिकाचे पावणेतीन लाख अजून न दिलेल्या सेवेचे आहेत. ते बाजूला ठेव, एप्रिलची तूट त्यातूनच भरायचीय.

पुतण्या : पण महिनेवाला वार्षिकावर आला की गल्ला भरतो आणि एमआरआर 83 रुपयांनी घटतो. ऑफर बंद करू?

काका : तो वर्षात किती महिने टिकला असता, त्यावर आहे. परीक्षेपुरतं नेट घेऊन सहा महिन्यांत सोडणाऱ्यानं तीनच हजार दिले असते. त्याच्याकडून पाच आले. बारा महिने न चुकता भरणारा मात्र ऑफरवर आला की तुझे हजार गेले.

पुतण्या : म्हणजे धंद्याच्या सोयीनं पाहिलं तर भरवशाच्या माणसापासून ऑफर लपवायची? हा कुठला न्याय?

काका : लपवायची नाही. सगळ्यांना सांगायची. ते हजार म्हणजे आगाऊ पैशाची आणि खात्रीची किंमत समज. परवडत नसेल तर सूट कमी कर, माणसं निवडू नकोस.

पुतण्या : निदान वार्षिकवाल्यांमुळे आकडा हलत तरी नाही.

काका : तिथंच फसशील. मार्चमध्येच ज्याचं नेटवरून मन उडालं, तोही मुदत संपेपर्यंत 417 नं तुझ्या बेरजेत बसलेला असतो. साठांची मुदत एकाच महिन्यात संपते. कापसाला भाव नसला तर त्यातले निम्मे एकदम गळतील. एमआरआरशेजारी मुदत संपण्याच्या महिन्याचा रकाना ठेव.

पुतण्या : मग लाइनमनचं काय?

काका : एक ठेव. साठांपैकी किती जण पुन्हा पैसे भरतात ते बघ, मग दुसऱ्याचं बोलू.