उत्तर न मागणारा निरोप

सरकारी कार्यालयातला एखादा माणूस आठ-नऊ महिन्यांच्या आजारपणानंतर परत येणार असतो, तेव्हा ती बातमी त्याच्या आधी कार्यालयात पोचते. आस्थापना शाखेत फिटनेस प्रमाणपत्र दाखल होतं, साहेबांची सही होते आणि संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपच्या गटावर पहिला निरोप पडतो. ‘कॅन्सरसारख्या दुर्धर आजारावर जिद्दीने मात करून परतणाऱ्या आमच्या लढवय्या मॅडमचे हार्दिक स्वागत!’ त्याखाली टाळ्या, पुष्पगुच्छ, जोडलेले हात. एकाने लिहिलं की बाकीच्यांना लिहावंच लागतं, आणि त्या सगळ्यांना मॅडमनी एकेक ‘धन्यवाद’ द्यायचा असतो.

या निरोपात कोणाचाही हेतू वाईट नसतो. पण त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द ज्यांच्यासाठी तो लिहिला त्यांना अडचणीत टाकणारा आहे. कसा ते पाहायला एक उदाहरण घेऊ. पंचायत समितीच्या लेखा शाखेतल्या पन्नाशीच्या एक बाई आहेत असं समजू. जुलैमध्ये स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. जखम भरल्यावर केमोथेरपी सुरू झाली. दर तीन आठवड्यांनी एक याप्रमाणे आठ वेळा द्यायची तर तिलाच जवळजवळ सहा महिने जातात. मग काही आठवडे रेडिएशन. एप्रिलमध्ये त्या रुजू होताहेत. मार्चअखेरची धांदल त्यांच्याशिवाय उरकली आहे.

आता ‘मात करून’ हे शब्द पाहा. या आजाराच्या एका प्रकारात केमो संपल्यावरही दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन चालू राहतं, एकूण साधारण वर्षभर. दुसऱ्या प्रकारात हार्मोन रोखणारी गोळी रोज घ्यायची असते, पाच वर्षं किंवा त्याहूनही जास्त. म्हणजे बाई कामावर आल्या तरी उपचार संपलेले नाहीत. त्यांना स्वतःला ते पक्कं ठाऊक असतं, आणि पुढच्या तपासणीची तारीख त्यांच्या डोक्यात असते. अशा माणसाला जाहीरपणे विजयी ठरवलं की पुढे काही बिघडलं तर ते सांगायचीही चोरी होते. सुझन सोंटॅग यांनी १९७८ साली ‘इलनेस ॲज मेटाफर’ या पुस्तकात आजाराला युद्धाची भाषा लावण्याबद्दल तक्रार मांडली. त्या स्वतः स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारांतून गेल्या होत्या, पण त्या पुस्तकात त्यांनी स्वतःच्या आजाराचा उल्लेख केलेला नाही. काय सांगायचं आणि काय नाही हे त्यांनी स्वतः ठरवलं. लढवय्या मॅडमची ती मुभा गटावरच्या पहिल्या ओळीनेच काढून घेतली.

आणि आजाराचं नाव गटावर आलं कुठून? बहुतेक वेळा फाइलमधून. रजेच्या अर्जाला डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडलेलं असतं. त्याहून बोलकी असते वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीची फाइल. तिच्यात रुग्णालयाचं बिल असतं, प्रत्येक औषधाचं नाव असतं, कोणता अवयव काढला तेही असतं. ही फाइल आवक-जावकपासून लेखा शाखेपर्यंत आणि पुढे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयापर्यंत टेबलाटेबलावरून फिरते, आणि चहाच्या वेळी तिच्यातलं काहीबाही बाहेर सांडतं. म्हणून माझ्या मते स्वागताच्या निरोपाचा पहिला नियम शैलीचा नाही, माहितीचा आहे. त्या माणसाने स्वतःच्या तोंडाने तुम्हाला जेवढं सांगितलं तेवढंच तुम्हाला माहीत आहे असं धरून लिहायचं. फाइलमधून कळलेलं निरोपात येऊ द्यायचं नाही. मानसिक आजार किंवा क्षयरोग असेल तर हे आणखी काटेकोरपणे पाळायला हवं, कारण तिथे नावाबरोबर कुजबूजही येते.

यावर एक हरकत निघते, आणि ती हलकी नाही. आपल्याकडे आजारी माणसाची चौकशी करणं हाच आपलेपणा मानला जातो. दवाखान्यात डबा घेऊन जाणारे, ‘आता कसं वाटतंय?’ म्हणून पलंगाशी बसणारे लोक नसते तर आजारपण फार एकटं झालं असतं. मग ज्यांच्याबरोबर वीस वर्षं डबा खाल्ला त्यांना तब्येतीबद्दल एक शब्द विचारायचा नाही, हा कुठला शहरी कोरडेपणा? ही हरकत मला अर्धी मान्य आहे. घरी भेटायला जाणारा माणूस उठून निघूनही जातो, आणि नको वाटलं तर घरचे सांगतात, ‘आत्ताच डोळा लागलाय.’ कार्यालयात असा आडोसा नसतो. प्रश्न एकच असला तरी तो प्रत्येक टेबलावर नव्याने विचारला जातो, आणि पहिल्या दिवशी दुपारपर्यंत बाई आपल्या शस्त्रक्रियेची हकिगत सांगून थकलेल्या असतात. शिवाय जे विचारतात ते त्यांचे वरिष्ठ असू शकतात किंवा त्याच टेबलाचे दावेदार. ‘अजून थकवा येतो हो’ हे शेजारणीला मोकळेपणाने सांगता येतं. साहेबांच्या कानावर जाईल अशा ठिकाणी ते बोलताना माणूस आधी विचार करतो. म्हणून विचारपूस टाळायची असं मी म्हणत नाही. ती लेखी, जाहीर आणि पहिल्याच दिवशी नको, इतकंच.

मग प्रश्न न विचारता ऊब आणायची कुठून? इथे बहुतेकांची गाडी विशेषणांकडे वळते. मला वाटतं, ऊब तपशिलात असते, आणि तो तपशील शरीराचा नसून कामाच्या जागेचा असावा. परत येणाऱ्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न असतो, ‘माझं टेबल आता कोणाकडे आहे?’ आठ-नऊ महिन्यांत कोणीतरी ते सांभाळलेलंच असतं. ‘कामाची अजिबात काळजी करू नका, सगळं आम्ही बघतोय’ हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण त्याचा दुसरा अर्थ ‘तुमच्यावाचून अडलं नाही’ असाही होतो, आणि साहेबांकडून आलं तर ‘टेबल गेलं’ असाही. ‘काहीही लागलं तर सांगा’ हेही तसंच. त्यात मदत काय हवी ते शोधायचं आणि मागायचं काम आजारी माणसाच्याच गळ्यात पडतं.

शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या, दहाएक वर्षांनी लहान सहकारी बाईने पाठवावा असा निरोप मी असा लिहीन:

‘ताई, सोमवारी तुम्ही रुजू होताय हे साहेबांनी सांगितलं. फार बरं वाटलं. मार्चची पगारबिलं मी केली आहेत, एप्रिलपासून टेबल तुमच्याकडेच आहे. कुठली फाइल कुठे आहे त्याची चिठ्ठी तुमच्या ड्रॉवरमध्ये ठेवली आहे. नवीन प्रिंटर आल्यामुळे तुमचं टेबल खिडकीपासून थोडं आत सरकवलंय, नको असेल तर परत हलवू. डबा दीडलाच, त्याच जागी, पण तेव्हा तुम्हाला निवांत बसायचं असेल तर तसंही चालेल. याला उत्तर द्यायची गरज नाही. सोमवारी भेटूच.’

यात आजाराचं नाव नाही, शौर्य नाही, देवाची कृपा नाही. तरी हा निरोप दुसऱ्या कोणाला पाठवता येणार नाही, कारण तो एका विशिष्ट बाईंच्या ड्रॉवरबद्दल आणि खिडकीबद्दल आहे. तो गटावर न टाकता त्यांच्या स्वतःच्या नंबरवर पाठवायचा, आणि तोही शुक्रवारी, म्हणजे बदललेली जागा पाहून सोमवारी धक्का बसणार नाही. टेबलाबद्दलचं वाक्य मात्र खरं असेल तरच लिहावं. टेबल खरोखर दुसऱ्याकडे दिलं असेल तर ते निरोपात गोडीने झाकू नये. ते साहेबांनी आधी फोन करून सांगायचं असतं.

‘उत्तर द्यायची गरज नाही’ या वाक्याबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. काहींना ते तुटक वाटेल. पण केमोच्या काही औषधांनी बोटांच्या टोकांना बधिरपणा किंवा मुंग्या येतात, आणि ते औषध बंद झाल्यावरही काही महिने टिकू शकतात. फोनच्या पडद्यावरची लहान अक्षरं तेव्हा सहज उमटत नाहीत. त्यात झोपूनही न जाणारा थकवा असतो. काहींना नेमका शब्द आठवायला वेळ लागतो, आणि आकडेमोड करणाऱ्या माणसाला तर त्याची धास्तीच वाटते. निरोपाला उत्तर द्यायचं कर्ज आपणच माफ करून टाकलं की तो निरोप त्यांना हवा तेव्हा, हवा तितक्या वेळा वाचता येतो. डब्याच्या वाक्यातली मोकळीकही याच कारणासाठी आहे. उपचारांच्या काळात चव आणि वास बिघडलेले असतात, पूर्वीच्या आवडीची भाजी नकोशी होते, आणि गोल बसून जेवताना ‘खा ना, अगदी चिमणीसारखं खाताय’ हा आग्रह हमखास सुरू होतो.

सोमवारी समोरासमोर आल्यावर पहिली नजर जाते ती केसांकडे. केमो थांबल्यानंतर काही आठवड्यांत केस पुन्हा उगवू लागतात, पण सुरुवातीला ते आखूड असतात, कधी पूर्वीपेक्षा कुरळे. बाई स्कार्फ बांधून येतील, विग लावून येतील किंवा तसंच येतील. ‘हा कट छान दिसतोय’ हेदेखील बोलू नये असं माझं मत आहे. स्तुती असली तरी ती उपचारांनी केलेल्या बदलाची आहे, आणि तो बदल त्यांनी निवडलेला नाही. ‘बारीक झालात’ चालत नाही तसं ‘छान अंगावर आलात’ही चालत नाही. औषधांनी वजन वाढतंसुद्धा. ‘जमेल ना तुम्हाला?’ हा प्रश्नही वगळावा. कामाला योग्य असल्याचं प्रमाणपत्र डॉक्टरांनी दिलंय आणि ते फाइलला लागलंय. सहकाऱ्यांनी दुसरं वैद्यकीय मंडळ बसवायचं कारण नाही.

मग त्या स्वतःहून बोलू लागल्या तर? ऐकायचं. कित्येकांना सांगायचं असतंच, फक्त जिन्यात एकट्याने भेटल्यावर किंवा बसस्टॉपवर. तेव्हा मधेच आपल्या मावशीची केस सुरू करायची नाही, आणि ऐकलेलं वरच्या मजल्यावर नेऊन पोचवायचं नाही.

शिष्टाचाराची खरी कसोटी मात्र पहिल्या सोमवारी लागत नाही, कारण त्या दिवशी सगळे जपूनच वागतात. ती लागते तिसऱ्या आठवड्यात. बाईंना इंजेक्शनसाठी जिल्ह्याच्या गावी जावं लागतं, हजेरीपटावर त्या दिवशी रजा पडते, आणि त्यांच्या वाटणीची दोन देयकं अडकून राहतात. तोवर टाळ्या विरलेल्या असतात, आणि कोणीतरी म्हणतं, ‘परत सुट्टी? आता तर बऱ्या झाल्या ना?’ बऱ्या झाल्या हे गटावर आपणच लिहिलेलं असतं. शुक्रवारचा साधा निरोप पाठवणाऱ्या शेजारणीने तसं काही लिहिलेलं नसतं, त्यामुळे तिला या रजेचं नवल वाटत नाही. ती दोन देयकं आपल्या टेबलावर ओढून घेते आणि चिठ्ठीवर नोंद करून ती ताईंच्या ड्रॉवरमध्ये ठेवते.