सातव्या तासाचा हिशोब

गेल्या दिवाळीत मी एक कथा लिहायला घेतली होती. कॉल सेंटरमधला एक मुलगा सणाला गावी जाण्यासाठी एक पाळी बदलून घेतो, त्या बदलासाठी दुसऱ्याला बदल करावा लागतो, दुसऱ्यासाठी तिसऱ्याला, आणि शेवटच्या माणसाचा अपघात होतो. कथा घडलेली होती आणि तो मुलगा मीच होतो, त्यामुळे सोपी जाईल असं वाटलं होतं. चार खर्डे केले, चारही खोटे वाटले. खोटं नेमकं काय होतं ते शोधताना कथा बाजूला राहिली आणि हा लेख झाला.

2019 साली इंजिनिअरिंग झालं. कॅम्पसमध्ये काही लागलं नाही, म्हणून पुण्यात एका कॉल सेंटरच्या मराठी-हिंदी ग्राहकसेवेत लागलो. पाळ्या तीन: सकाळ 6 ते 3, दुपार 2 ते 11, रात्र 10 ते 7. त्या वर्षी पोळा 30 ऑगस्टला, शुक्रवारी होता. आमचं गाव जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात. आदल्या वर्षीच्या दुष्काळात बैलजोडी कशीबशी जगवली होती. आता ट्रॅक्टर भाड्याने मिळतोच, म्हणून पोळा झाला की जोडी विकायची असं दादांनी, म्हणजे वडिलांनी, ठरवलं होतं. तिच्या शेवटच्या पोळ्याला मला घरी असायचं होतं. माझी शुक्रवारी दुपारपाळी होती. नोकरीला तीन महिने झालेले, रजा शिल्लक नव्हती. उरला स्वॅप.

आमच्या फ्लोअरवर एकमेकांना गावावरूनच ओळखायचे, तीच नावं इथे वापरतो. अकोल्याच्या मुलाला शुक्रवार-शनिवार सुट्टी होती. मी त्याला म्हटलं, "माझी शुक्रवारची दुपार तू कर, तुझी रविवारची दुपार मी करतो." तो म्हणाला, "जा ना भावा, पोळा आहे." टीम लीडरने मंजूर केलं. गुरुवारी रात्री ट्रॅव्हल्सने निघालो. पुढचं सगळं मला रविवारी कळलं.

अकोल्याच्या मुलाने बार्शीच्या मुलीची शुक्रवारची सकाळपाळी करायचं आधीच कबूल केलं होतं, आणि तो बदल मंजूरही झाला होता. 6 ते 3 आणि 2 ते 11 एकमेकांवर चढतात. मला हो म्हणताना ते त्याच्या लक्षात राहिलं नाही. मग त्याने ती सकाळ लातूरच्या मुलाला दिली. लातूरच्याला शुक्रवारी सुट्टी होती, पण त्याच रात्री दहाला त्याची रात्रपाळी सुरू व्हायची होती. तीनला सुटून दहाला परत, मध्ये सात तास. तो शहाणा होता. त्याने सकाळ घेतली आणि रात्र चंदगडच्या मुलाला देऊन त्याची शनिवारची सकाळ घेतली. पण चंदगडचा मुलगा स्वतः शुक्रवारी सकाळपाळीलाच होता. म्हणजे लातूरच्याने टाळलेले तेच सात तास जसेच्या तसे त्याच्या वाट्याला आले. अडचण नाहीशी झाली नव्हती, तिने फक्त खांदा बदलला होता.

हे कुणाच्या नजरेत कसं आलं नाही? आमच्या रोस्टरच्या शीटमध्ये माणसामागे एक ओळ आणि तारखेमागे एक चौकोन असे. रात्रपाळी ज्या तारखेला संपते त्या तारखेला लिहायची पद्धत होती. त्यामुळे शुक्रवारी रात्री दहाला सुरू होणारी पाळी शनिवारच्या चौकोनात बसे. चंदगडच्या ओळीत शुक्रवारी 'सकाळ', शनिवारी 'रात्र'. एका दिवशी एकच पाळी, नऊच तास. लातूरच्याशी केलेला बदल तर शनिवारच्या शनिवारी, एका चौकोनातल्या दोन अक्षरांची अदलाबदल. टीम लीडरला तो सगळ्यात साधा वाटला असणार. प्रत्येक पाळीला माणसं तेवढीच होती. महाराष्ट्राच्या 2017च्या दुकाने व आस्थापना कायद्यात तेव्हा दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा होती. शीट बघणाऱ्याला तीही पाळलेलीच दिसली असती. युरोपीय संघाच्या 2003च्या निर्देशात दोन दिवसांच्या कामामध्ये सलग अकरा तास विश्रांती लागते. तिथे मोजलं जातं ते दोन चौकोनांमधलं अंतर, आणि आमच्या शीटमध्ये नेमकं तेवढंच दिसत नव्हतं.

चंदगडचा मुलगा शुक्रवारी पहाटे चारला उठला होता. दुपारी खोलीवर आला तेव्हा खाली मांडवाचं काम चालू होतं, कारण सोमवारी गणपती बसणार होते. झोप लागली नाही. कॅबची यादी संध्याकाळी सहाला बंद व्हायची आणि त्यांचा बदल सातला मंजूर झाला, म्हणून तो स्वतःच्या मोटरसायकलने कामावर गेला. सकाळी सातला सुटला तेव्हा तो सत्तावीस तास जागा होता. सलग सतरा तास जागलेल्या माणसाचं हाता-डोळ्यांचं काम रक्तात 0.05 टक्के दारू असल्यासारखं मंदावतं, हे डॉसन आणि रीड यांनी 1997मध्ये दाखवलं. आपल्याकडे गाडी चालवताना मर्यादा 0.03ची आहे. नगर रस्त्यावर दुभाजकाला त्याचं चाक घासलं. गळपट्टीचं हाड मोडलं. मागून काही येत नव्हतं म्हणून तेवढ्यावर निभावलं. सहा आठवडे घरी, आणि प्रोबेशनवर असल्यामुळे बिनपगारी.

आता प्रश्न. यात माझा दोष किती?

सरळ उत्तर असं, की काहीच नाही. मी नियमाने मागितलं, समोरच्याने मोकळेपणाने दिलं, वरच्याने मंजूर केलं. मी आणि दुभाजक यांच्यामध्ये तीन शहाण्यासुरत्या माणसांचे तीन स्वतंत्र निर्णय आहेत. हे उत्तर मला पटतं, आणि तरी पुरत नाही. बर्नार्ड विल्यम्स या तत्त्वज्ञाने 1976च्या 'मॉरल लक'वरच्या निबंधात एका ट्रकचालकाचं उदाहरण घेतलं आहे. त्याची काही चूक नसताना त्याच्या ट्रकखाली एक मूल येतं. आपण त्याला 'तुझा दोष नाही' असंच सांगू आणि ते खरंही असेल. पण तो शेजारच्या बघ्याइतक्याच सहजपणे 'हो, माझा दोष नाही' म्हणून जेवायला बसला, तर आपल्याला त्याच्यात काहीतरी कमी वाटेल. दोषाची नसलेली, पण आपल्या हातून गेल्याची अशी एक खंत असते. ती मला होती.

माझे चारही खर्डे या खंतीवर उभे होते आणि तिथेच ते खोटे होत होते. कथेत साखळी माझ्यापासून सुरू व्हायची: मी पाळी बदलली आणि एक माणूस पडला. पण बार्शीच्या मुलीचा बदल माझ्या आधीचा होता. तिला शुक्रवारी सकाळी आईला दवाखान्यात न्यायचं होतं. ती तारीख डॉक्टरांनी दिली होती, डॉक्टरांची त्याआधीची तारीख रद्द झाली होती. साखळीला पहिली कडी नव्हतीच. मी स्वतःला पहिली कडी केलं, कारण अपराधी का होईना, गोष्टीच्या मध्यभागी राहायला माणसाला आवडतं.

शिवाय 'सुरुवात कुणी केली' हे विचारण्याच्या नादात 'संपली कुठे' हे विचारायचं राहून गेलं. साखळी चंदगडच्या मुलावरच का थांबली? ती चिठ्ठी टाकून थांबली नव्हती. लातूरच्याने सात तासांची फट बघितली आणि नको म्हटलं. त्याला ते परवडत होतं, कारण तो दोन वर्षं जुना होता. चंदगडचा मुलगा पाच आठवड्यांचा. त्याला नाही म्हणायला जमलं नाही, आणि रात्रीचे दोनशे रुपये भत्त्याचे हवेही होते. प्रत्येक जण ओझं पुढे देताना नकार न देणारा माणूस शोधतो, आणि नकार देणं ज्याला परवडत नाही तो सापडला की साखळी थांबते. तिथे सगळं 'जमलेलं' दिसतं. त्याची संमती खरी होती, पण ती बाकीच्यांच्या संमतीएवढ्या किमतीची नव्हती.

पुढे डेटाबेसवर काम करू लागल्यावर याच जातीची चूक भेटली. दोन डॉक्टर ड्युटीवर आहेत आणि नियम असा, की किमान एक तरी हवाच. दोघे एकाच क्षणी सुट्टी मागतात. प्रत्येकाच्या अर्जाला दुसरा डॉक्टर हजर दिसतो, दोन्ही अर्ज मंजूर होतात आणि वॉर्डात कुणीच उरत नाही. एकही तपासणी चुकलेली नसते. प्रत्येकीने आपल्यापुरतं बघितलेलं असतं आणि नियम मात्र सगळ्यांचा मिळून असतो. यंत्रात याला उपाय आहे, मंजुरीआधी सगळं चित्र पुन्हा तपासायचं. ते काम मंजुरी देणाऱ्याचं, मागणाऱ्याचं नाही. ते न करणं हा दोष होता आणि तो शीट चालवणाऱ्यांचा होता, असं मी आज स्पष्ट म्हणतो. पण म्हणून मागणाऱ्याकडे काहीच उरत नाही का?

हे मी दादांना सांगितलं तेव्हा त्यांनी सावडीची गोष्ट काढली. आजोबांकडे एकच बैल होता. शेजाऱ्याकडे एक. दोघांची सावड, आज तुझं रान, उद्या माझं. दादा म्हणाले, "बैल मागायच्या आधी त्याच्या रानाला वापसा आलाय का ते बघावं लागतं. आपलं पेरून झालं आणि त्याची ओल उडाली, तर ती सावड नाही." मला ते फार आवडलं, जुन्या गावाचं शहाणपण म्हणून मी ते मिरवलंही असतं. पण दादांनीच पुढे सांगितलं, की वापसा सगळ्यांच्या रानाला एकदमच येतो. मग चार घरं एकत्र असली की सगळ्यात शेवटी पेरणी व्हायची ती ज्याचं रान सगळ्यात लहान त्याचीच. म्हणजे साखळी तिथेही त्याच जागी थांबत होती. फरक एवढाच, की बांधावरून ते दिसत होतं.

त्यातून माझ्यापुरतं एवढं निघालं. उपकार मागताना साखळीच्या टोकापर्यंत मला दिसणार नाही, आणि तेवढं बघण्याची सक्ती माझ्यावर टाकली तर कुणी कुणाकडे काही मागायलाच नको. पण एक पाऊल दिसतं. 'तू करशील का?' याच्यापुढे 'त्यासाठी तुला काय सोडावं लागेल, आणि ते कोण उचलेल?' एवढं विचारता येतं. मी ते विचारलं असतं तर अकोल्याच्या मुलाला बार्शीची सकाळ तिथेच आठवली असती. कदाचित मी पोळ्याला गेलो नसतो. या प्रश्नाची ही किंमत आहे आणि ती मागणाऱ्याने मोजायची आहे.

सप्टेंबरात मी चंदगडच्या मुलाला भेटायला गेलो. हात गळ्यात बांधलेला, दाढी वाढलेली. मी अडखळत सगळं सांगितलं, पोळा, अकोला, बार्शी, लातूर. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "तू यात कुठे होतास? मला तर लातूरवाल्याने विचारलं होतं." मग थोड्या वेळाने त्याने विचारलं, "बैल गेले का?"

गेले होते. त्याच आठवड्यात.