थोरवीचे माप

मोठ्या देहाविषयी मनुष्याच्या मनात एक उपजत आदर असतो. हत्ती म्हणजे राजाचे वाहन. तोच कोणी कमरेएवढा करून पुढे उभा केला, तर आपण त्यास हत्तीचे विडंबन म्हणू. वाढ म्हणजे उत्कर्ष आणि खुजेपण म्हणजे ऱ्हास, हे समीकरण आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की, त्याचा पुरावा मागावा असे कोणाच्या मनातही येत नाही. बेटांवरील प्राण्यांची हकीकत या समीकरणास चांगलाच धक्का देते. समुद्रापासून इतक्या दूरच्या बुलढाणे जिल्ह्यातील वाचकांस तिचे काय प्रयोजन, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर मी शेवटी देईन.

ही हकीकत एका माणसाच्या हाताखालून गेली आहे. ह्यू फॉकनर हा स्कॉटलंडचा डॉक्टर सहारणपूरच्या सरकारी वनस्पती-उद्यानाचा अधिकारी होता. त्याने व प्रोबी कॉटली या इंजिनियराने मिळून आपल्या देशातील जीवाश्मांचा मोठा अभ्यास केला. सातपुड्यापलीकडे नर्मदेच्या गाळात सापडलेल्या एका प्रचंड हत्तीस त्यांनी नर्मदेवरूनच नाव दिले. हा प्राणी खांद्याशी चार मीटरांहूनही उंच होता, आणि गोदावरीच्या गाळातही त्याचे अवशेष मिळाले आहेत. पुढे 1862 साली याच फॉकनरने भूमध्य समुद्रातील माल्टा बेटावरच्या एका चिमुकल्या हत्तीचे वर्णन केले. माल्टा आणि सिसिली येथे आढळलेल्या सर्वांत लहान जातीस पुढे त्याचेच नाव मिळाले. तिच्यातील पूर्ण वाढीचा नर जेमतेम एक मीटर उंच भरे, आणि त्याचे वजन एखाद्या गाईएवढे असावे. विशेष हे की, या बुटक्याचे पूर्वज युरोपातील ज्या महाकाय हत्तीत होते, तो आपल्या नर्मदेच्या हत्तीचा जवळचा भाऊबंद होय. एकाच कुळाची एक शाखा डोंगराएवढी, तर दुसरी वासराएवढी!

ही हाडे पिलांची नसतील कशावरून, अशी शंका साहजिक आहे. तिचे निरसन दात करतात. हत्तीच्या जबड्याच्या प्रत्येक बाजूस दाढांच्या सहा पिढ्या एकीमागून एक येतात, आणि शेवटची दाढ प्रौढपणी उगवते. बेटांवरील इवल्या जबड्यांत ही शेवटची दाढ झिजलेल्या स्थितीत मिळाली आहे. लांब हाडांची टोकेही सांधली गेली आहेत, म्हणजे वाढ पुरी झाली होती. मग ते उपासमारीने खुरटले असतील काय? दुष्काळात वाढलेले वासरू खुरटते खरे. परंतु त्याच्या वासरास पोटभर चारा मिळाला की ते पुन्हा वंशाच्या मापाचे होते. बेटावरील खुजेपण पिढ्यान् पिढ्या टिकून होते. ते रक्तात उतरलेले होते.

ते कसे उतरले? हत्ती उत्तम पोहतो, म्हणून समुद्र उथळ झालेल्या काळी काही हत्ती बेटावर पोहोचले. सिंहासारखे मोठे शिकारी तेथे जाऊ शकले नाहीत, अथवा गेले तरी इतक्या लहान मुलखात त्यांना पुरेशी शिकार मिळाली नसती. शत्रू नाही म्हणून हत्ती वाढत गेले, आणि लवकरच चारा कमी पडू लागला. अशा वेळी ज्याचे पोट लहान तो तगला, आणि त्याचीच संतती उरली. मुख्य भूमीवर प्रचंड देह हे शत्रूपासून मिळणाऱ्या अभयाचे मोल होते. अभय फुकट मिळू लागल्यावर ते मोल मोजीत राहणे हा निव्वळ तोटा ठरला. याच्या उलट, त्याच बेटांवर खारीसारखा दिसणारा एक कृंतक प्राणी वाढत वाढत मांजराएवढा झाला. मुख्य भूमीवर त्याचे लहानपण बिळात आणि फटीत दडण्यासाठी होते. दडण्याची गरज संपली, तेव्हा लहान राहण्याचे कारणही संपले. 1964 साली फॉस्टर या शास्त्रज्ञाने अनेक बेटांवरील सस्तन प्राण्यांची तुलना करून ही दुहेरी प्रवृत्ती मांडली.

तथापि तिला अटळ नियम समजणे चुकीचे होईल. गॅलापॅगॉस आणि अल्दाब्रा येथील अजस्र कासवे पाहून, बेटानेच त्यांना मोठे केले असे वाटते. पण फॉकनर आणि कॉटली यांनाच शिवालिकच्या टेकड्यांत याहून मोठ्या कासवाचे अवशेष मिळाले होते. म्हणजे मोठी कासवे मुख्य भूमीवरही होती. तेथे ती नष्ट झाली, आणि बेटांवर वाचली. शिवाय मोठे कासव पाण्यावर तरंगते आणि कित्येक महिने अन्नावाचून काढते; म्हणून समुद्र ओलांडून पोहोचण्याचा संभवही त्याचाच अधिक. तेव्हा काही ठिकाणी बेट हा थोरवीचा कारागीर नसून केवळ तिचा आश्रयदाता असतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. तो बुटका हत्ती पतित झाला होता काय? त्याच्या दातांचा आणि हाडांचा 2021 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, तो सावकाश वाढे, उशिरा वयात येई आणि दीर्घकाळ जगे. ऱ्हासाची ही लक्षणे नव्हेत. त्याने गमावले ते एवढेच, की शत्रूशी गाठ पडली असती तर तो निरुपाय ठरला असता. त्याची अडचण देहाच्या मापात नसून, ते माप एकाच बेटाचे होते यात होती. तुकोबांनी देवाजवळ लहानपण मागितले, त्याचा हा एक निराळाच दाखला म्हणावा लागेल.

आणि आता बुलढाण्याविषयी. बेटास समुद्रच लागतो असे नाही. शेते, रस्ते आणि गावे यांनी वेढलेले रान हेही वन्य प्राण्यास बेटच होय. आपले ज्ञानगंगा अभयारण्य सुमारे दोनशे चौरस किलोमीटरांचे आहे. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरचा एक तरुण वाघ जून 2019 मध्ये घर सोडून निघाला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात येथे पोहोचला. गळ्यातील रेडिओ-पट्ट्यामुळे कळले की, सुमारे नऊ महिन्यांत त्याने तीन हजारांवर किलोमीटर वाटचाल केली. येथे त्यास शिकार मिळाली. दुसरा वाघ वा वाघीण मात्र नव्हती.

हा वाघ आपल्या बेटास साजेसा लहान होईल काय? मुळीच नाही. बेटावरील प्राणी आटोपशीर झाल्याचे एक अतिशय जलद उदाहरण जर्सी बेटावरील तांबड्या हरणांचे आहे. ती मूळ वजनाच्या सहाव्या हिश्श्यावर आली, तरी त्यासही सुमारे सहा हजार वर्षे लागली. आणि त्यासाठी निवडीस वाव देणारा पुरेसा कळप असावा लागतो. एकट्या वाघाजवळ ना कळप आहे, ना काळ. समुद्राने हत्तींची वाट अडवली, पण वेळ भरपूर दिला. आपण वाट तेवढी अडवतो आणि वेळ देत नाही.

त्यामुळे आपल्या बेटांवर राक्षस अथवा बुटके निपजणार नाहीत. ती नुसती रिकामी होतील. वेळ देणे आपल्या हाती नाही, पण वाट देणे आहे. टिपेश्वर ते ज्ञानगंगा यांच्यामधील ओढ्यांच्या काठची झाडी आणि माळावरील रानपट्टे मोडावयाचे की राखावयाचे, याचा निर्णय ज्यांच्या शेतांतून तो वाघ रात्री निघून गेला, त्या तुम्हा-आम्हांसच करावयाचा आहे.