‘काही’मधून ‘सगळे नाही’ कुठून येतं?

‘काही जिराफांच्या माना लांब असतात.’ हे वाक्य खरं की खोटं? बरीच मोठी माणसं इथे अडखळतात. खोटं म्हणावं, तर लांब मानेचे जिराफ आहेतच. खरं म्हणावं, तर आखूड मानेचेही असतात असं कबूल केल्यासारखं होतं.

ॲरिस्टॉटलपासून चालत आलेल्या तर्कशास्त्राला मात्र इथे अडचण वाटत नाही. वाक्य खरं आहे, कारण तिथे ‘काही’ म्हणजे ‘निदान एक तरी’. वर्गातले सगळे विद्यार्थी पास झाले असतील, तर ‘काही विद्यार्थी पास झाले’ हेही खरंच असणार. पहिलं खरं आणि दुसरं खोटं अशी परिस्थिती कल्पनेतही उभी करता येत नाही. याला तार्किक निष्पत्ती म्हणतात. कोण बोलतंय, कशासाठी बोलतंय, याच्याशी तिला देणंघेणं नसतं.

पण शिक्षक ‘काही विद्यार्थी पास झाले’ म्हणाले, की पालक लगेच विचारतात, नापास कोण झालं? एडिंबरोचे तत्त्वज्ञ सर विल्यम हॅमिल्टन यांनी हा रोजचा अर्थ तर्कशास्त्रातच आणायचं ठरवलं. ‘काही’चा ‘फक्त काही, सगळे नव्हेत’ हा अर्थही तिथे धरावा, असा त्यांचा आग्रह होता. हॅमिल्टन यांच्या मतांचा समाचार घेणारा जॉन स्टुअर्ट मिल यांचा ग्रंथ १८६५ साली प्रथम प्रसिद्ध झाला. त्यात मिल यांनी दिलेलं उदाहरण अगदी घरगुती आहे. ‘तुमच्या मुलांपैकी काही जण आज मला दिसले’ असं कुणी म्हटलं, तर सगळी मुलं दिसली नसावीत असा अंदाज ऐकणारा करेल. मात्र शब्दांचा तसा अर्थ आहे म्हणून नव्हे. सगळी दिसली असती तर बोलणाऱ्याने बहुधा तसं सांगितलं असतं, म्हणून. आणि बोलणाऱ्याला सगळ्यांबद्दल ठाऊक असेल, तरच हा अंदाज बांधता येतो, हेही मिल यांनी नोंदवलं.

पुढे शतकभर हा विचार तसाच पडून राहिला. १९६७ साली हार्वर्डमध्ये दिलेल्या व्याख्यानांत पॉल ग्राइस यांनी त्यामागची यंत्रणा मांडली. संवाद म्हणजे सहकार्य, हे त्यांचं गृहीतक. बोलणाऱ्याने गरजेइतकी माहिती द्यावी, ती खरी असावी आणि विषयाला धरून असावी, अशी अपेक्षा ऐकणारा न सांगता बाळगतो. या अपेक्षांच्या बळावर, वाक्यात नसलेलं जे आपण काढून घेतो, तो सूचितार्थ. १९७२ मध्ये लॉरेन्स हॉर्न यांनी आपल्या प्रबंधात यातला एक मोठा गट वेगळा काढला. भाषेत काही शब्द चढत्या क्रमाने लागतात : काही, बरेच, सगळे; किंवा, आणि; शक्य, निश्चित. वरच्या पायरीचं विधान खालच्या पायरीच्या विधानाला तार्किकदृष्ट्या पोटात घेतं. म्हणून खालची पायरी निवडणं हीच एक बातमी ठरते. अशा श्रेणीतून निघणाऱ्या सूचितार्थाला श्रेणीय सूचितार्थ म्हणतात.

हा हिशोब पायरी-पायरीने मांडून पाहू. शिक्षक ‘काही पास झाले’ म्हणाले. ‘सगळे पास झाले’ हे विधान जास्त माहिती देणारं होतं आणि पालकांना तेच ऐकायचं होतं. तरी शिक्षकांनी ते टाळलं. म्हणजे ते खात्रीने म्हणणं त्यांना शक्य नसावं. इथवर एवढंच कळलं, की सगळे पास झाल्याची त्यांना खात्री नाही. ‘सगळे पास झालेले नाहीत’ इथे पोचायला आणखी एक गोष्ट लागते : त्यांनी सगळे पेपर तपासलेले असणं. चाळीसपैकी दहाच पेपर तपासून ते ‘काही पास झालेत’ म्हणाले, तर उरलेल्यांबद्दल कुणी निष्कर्ष काढणार नाही. शब्द तेच, पण सूचितार्थ नाहीसा झाला.

तार्किक निष्पत्ती आणि सूचितार्थ ओळखायची सोपी कसोटी ग्राइस यांच्याकडूनच मिळते. ‘काही विद्यार्थी पास झाले, किंबहुना सगळेच झाले’ हे बोलणं चालतं. सूचितार्थ मागे घेतला, पण विसंगती आली नाही. ‘काही विद्यार्थी पास झाले, किंबहुना एकही झाला नाही’ हे मात्र चालत नाही. ‘निदान एक’ हा अर्थ वाक्याच्या आतच असल्यामुळे तो मागे घेता येत नाही.

दुसरी कसोटी जास्त बारीक आहे. ‘काही विद्यार्थी नापास झाले, तर चौकशी होईल’ असा नियम असताना अख्खा वर्ग नापास झाला, तर ‘काहीच नव्हे, सगळे नापास झाले, म्हणून चौकशी नको’ असं कुणी म्हणणार नाही. ‘तर’च्या आधीच्या भागात श्रेणी उलटी होते. तिथे ‘काही’ घातलेला नियमच जास्त कडक असतो, त्यामुळे वरची पायरी का टाळली हा प्रश्नच उरत नाही.

२००१ मध्ये मानसशास्त्रज्ञ इरा नोवेक यांनी फ्रान्समध्ये वर दिलेल्या जिराफांसारखी वाक्यं मुलांपुढे आणि मोठ्यांपुढे ठेवली. सात-आठ वर्षांच्या मुलांनी ८९ टक्के वेळा, दहा-अकरा वर्षांच्यांनी ८५ टक्के वेळा ती मान्य केली. मोठ्यांचं प्रमाण फक्त ४१ टक्के होतं. म्हणजे तर्कशास्त्राच्या काटेकोर अर्थाच्या जवळ मुलंच होती. सूचितार्थाची समज उशिरा पक्की होते, असं यातून दिसलं. पुढे नोवेक आणि लुईस बॉट यांनी मोठ्यांना ‘काही हत्ती सस्तन प्राणी आहेत’ अशी वाक्यं दिली. उत्तराला ०.९ सेकंद दिला, तेव्हा ‘खरं’ म्हणणारे जास्त निघाले. ३ सेकंद दिले, तेव्हा ‘खोटं’ म्हणणं वाढलं. ‘सगळे नाहीत’ हा अर्थ शब्दाला आपोआप चिकटून येत असता, तर तो घाईतही तितकाच दिसायला हवा होता.

तरीही वाद मिटलेला नाही. ‘प्रत्येक विद्यार्थ्याने काही प्रश्न सोडवले’ या वाक्यावरून ग्राइस यांच्या हिशोबाने एवढंच निघतं, की प्रत्येकाने सगळे प्रश्न सोडवले असं नाही. एखाद-दोघांनी सगळे सोडवलेले असू शकतात. पण हे वाक्य ‘प्रत्येकाचेच काही राहिले’ असंही समजून घेता येतं. म्हणून जेनारो किएर्किया आणि डॅनी फॉक्स यांच्यासारखे अभ्यासक म्हणतात, की वाक्याच्या रचनेतच न उच्चारलेला ‘फक्त’ बसलेला असतो. हे खरं असेल, तर सूचितार्थाचा काही भाग व्याकरणाकडे सोपवावा लागेल. हॅमिल्टन यांना जे शब्दात हवं होतं, त्याच्या जवळपास जाणारं काहीतरी असं वेगळ्या वाटेने परत आलं.

न्यायालयाला मात्र हा निवाडा होईपर्यंत थांबता येत नाही. अमेरिकी चित्रपटनिर्माते सॅम्युअल ब्रॉन्स्टन यांना दिवाळखोरीच्या सुनावणीत विचारलं गेलं, की स्विस बँकेत तुमचं खातं कधी होतं का? त्यांनी उत्तर दिलं, की कंपनीचं खातं सुमारे सहा महिने होतं. ते खरं होतं. पण त्यांचं स्वतःचं खातंही जवळपास पाच वर्षं होतं. इथे ‘काही-सगळे’ अशी श्रेणी नसली, तरी ऐकणाऱ्याचा हिशोब तोच : स्वतःचं असतं तर सांगितलं असतं. खालच्या न्यायालयांनी त्यांना खोट्या साक्षीबद्दल दोषी धरलं. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ती शिक्षा रद्द केली. उच्चारलेलं वाक्य खरं असेल, तर त्यातून निघणाऱ्या चुकीच्या समजुतीसाठी खोट्या साक्षीचा गुन्हा लागत नाही. नेमका प्रश्न पुन्हा विचारणं हे वकिलाचं काम आहे, असं न्यायालयाने म्हटलं.