शेळी झालेला शेतकरी

तुळजापूर तालुक्यातल्या एका शाळेत नववीला इंग्रजी शिकवताना मी फळ्यावर एक साधं वाक्य लिहिलं होतं : ‘ज्या शेतकऱ्याची शेळी हरवली, तो आला.’ एका मुलाने उभं राहून त्याचं इंग्रजी वाचून दाखवलं : ‘द फार्मर हूज गोट वॉज लॉस्ट केम.’ मी शाबासकी दिली. संध्याकाळी वही तपासायला घेतली तेव्हा कळलं, की त्याने शेतकऱ्यालाच शेळी करून ठेवलं होतं.

इंग्रजीत ‘हूज’ दोन आहेत. एकाची अक्षरं डब्ल्यू, एच, ओ, एस, ई. दुसऱ्यात ओ आणि एस यांच्या मधोमध वर अपॉस्ट्रॉफी असते आणि शेवटी ई नसतो. उच्चार दोन्हींचा अगदी एक. मी इथे देवनागरीत लिहितोय तरी ते वेगळे दाखवता येत नाहीत, कारण देवनागरी कानाला मानते. म्हणून एकाला ई-चं हूज म्हणू आणि दुसऱ्याला अपॉस्ट्रॉफीचं. ई-चं म्हणजे ‘कोणाचा, ज्याचा’. अपॉस्ट्रॉफीचं म्हणजे ‘हू इज’, कधी ‘हू हॅज’ : कोण आहे, जो आहे, कोणी केलंय. मुलाने अपॉस्ट्रॉफीचं लिहिलं होतं. ते उलगडून वाचलं तर अर्थ निघतो, ‘शेतकरी, जो शेळी आहे’.

मी त्याला विचारलं, “ही खूण का दिलीस?” तो म्हणाला, “सर, तुम्हीच सांगितलं होतं, ‘चा-ची-चे’ असलं की अपॉस्ट्रॉफी न् एस.” त्याचं बरोबर होतं. रामचं घर, आईचा डबा, इथे मीच ती खूण द्यायला शिकवलं होतं. त्याने नियम पाळला होता, फक्त नाम आणि सर्वनाम यांतला फरक त्याला कोणी सांगितला नव्हता. मराठीत आपण ‘रामचा’ म्हणतो, पण ‘मीचा’, ‘तूचा’ म्हणत नाही. माझा, तुझा ही रूपं तयारच असतात. इंग्रजी सर्वनामांचंही तसंच आहे. हिज, हर्स, इट्स, देअर्स ही मालकी दाखवणारी रूपं तयार असल्यामुळे त्यांना अपॉस्ट्रॉफी लागत नाही. ई-चं हूज याच घरातलं आहे.

मग अपॉस्ट्रॉफी तिथे काय करते? याचं उत्तर आपल्याकडे कीर्तनाला बसणाऱ्या माणसालाही माहीत असतं. ‘सोऽहम्’ या शब्दात मधे जे चिन्ह येतं, तो अवग्रह. ‘अहम्’मधला अ गळाला, त्याची ती खूण. ‘हू इज’मधला आय गळाला, की त्याच्या जागी अपॉस्ट्रॉफी येऊन बसते. गळालेलं अक्षर परत ठेवून वाक्य वाचायचं. अर्थ लागला तर खूण बरोबर, शेतकऱ्याची शेळी झाली तर चूक. अर्जात किंवा औपचारिक पत्रात तर असं आखूड रूप वापरतच नाहीत, ‘हू इज’ पूर्ण लिहितात. त्यामुळे अर्ज लिहिताना हूजवर अपॉस्ट्रॉफी द्यावीशी वाटली, तर तिथे एक तर ई हवा असतो, नाही तर दोन सुटे शब्द.

दुसऱ्या दिवशी वेगळीच अडचण आली. लोहारा तालुक्यात आजोळ असलेल्या एका मुलीला मी वाक्य दिलं : ‘ज्या घरांच्या भिंती पडल्या, ती घरं दगडाची होती.’ ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेचा भूकंप तिने घरच्यांच्या तोंडून ऐकलेला होता. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरचं मातीचं जड माळवद, हे तिला सांगावं लागलं नाही. पण ती इंग्रजीशी अडली. “सर, हू तर माणसांसाठी असतं. घरांना हूज कसं लावायचं?” शेवटी तिने ‘द वॉल्स ऑफ विच’ असं लांबलचक काहीतरी जुळवलं. व्याकरणात ते चुकीचं नाही, पण बोलताना तसं कोणी म्हणत नाही.

तिची शंका जुनी आहे. अठराव्या शतकापासून इंग्रजी व्याकरणकारांनी हीच हरकत घेतली. पण शब्दाचा इतिहास त्यांच्या बाजूने नाही. जुन्या इंग्रजीत ‘कोण’ आणि ‘काय’ या दोन्ही शब्दांची षष्ठी एकच होती, आणि आजचं हूज त्याच रूपातून आलं. मिल्टनने १६६७ साली ‘पॅरडाइज लॉस्ट’ प्रसिद्ध केलं, त्याच्या पहिल्याच वाक्यात हूज एका झाडासाठी आलं आहे. १९२६ साली फाउलरने आपल्या वापरकोशात वस्तूंसाठीच्या हूजवरची बंदी निरर्थक ठरवली. तेव्हा ‘द हाउसेस हूज वॉल्स फेल’ हे खुशाल लिहावं.

मर्यादा आहे ती प्रश्नात. ‘हूज लेग इज ब्रोकन?’ असं विचारलं तर माणसाचाच पाय समजला जाईल, खुर्चीचा नाही. खुर्चीबद्दल विचारायचं तर ‘विच चेअर’ म्हणावं लागतं. हा भेद मुलांना कठीण जाईल असं मला वाटलं होतं, पण तो त्यांच्या जिभेवर आधीच होता. मराठीतही प्रश्न विचारताना आपण माणसासाठी ‘कोणाचा’ आणि वस्तूसाठी ‘कशाचा’ म्हणतो. जोडताना मात्र भेद उरत नाही : ज्याचा पाय मोडला तो मुलगा, जिचा पाय मोडला ती खुर्ची. प्रश्नात माणूस आणि वस्तू वेगळे, जोडणीत एकत्र, ही मांडणी दोन्ही भाषांत सारखीच आहे.

फरक पडतो तो क्रमात. मराठीत ‘ज्याची शेळी’ आधी येते आणि ‘तो शेतकरी’ मागून. इंग्रजीत शेतकरी आधी, त्याला चिकटून हूज, आणि लगेच शेळी. मधे ‘द’ नको, ‘हिज’ किंवा ‘इट्स’ही नको. म्हणून मी मुलांना दोन छोटी वाक्यं लिहायला लावायचो. ‘हा नळदुर्गचा किल्ला आहे. त्याचा बंधारा बोरी नदीवर आहे.’ दुसऱ्या वाक्यातला ‘त्याचा’ म्हणजे ‘इट्स’ खोडायचा, तिथे ई-चं हूज लिहायचं आणि मधला पूर्णविराम काढायचा : ‘धिस इज द फोर्ट हूज डॅम इज ऑन द बोरी.’ मराठीत ज्याचा, ज्याची, ज्याचे, जिचा, ज्यांच्या अशी दोन्ही बाजूंची लिंग-वचनं सांभाळावी लागतात. इंग्रजीत हा सगळा भार एकच न बदलणारा शब्द उचलतो.

त्या मुलाला मी वही परत दिली तेव्हा त्याने खूण खोडली आणि शेवटी ई लिहिला. मग वाक्य पुन्हा वाचून दाखवलं. ऐकायला ते कालच्यासारखंच होतं. तेव्हापासून मी हूजचा धडा तोंडी घेत नाही, फळ्यावर लिहूनच घेतो.